९०० ऑर्डर, १० पिकर: सिंगल, बॅच, झोन की वेव्ह?

प्रश्न: आमच्या ऑनलाइन विक्रीच्या वेअरहाउसमधून रोज साधारण ९०० ऑर्डरी जातात. एकच मजला, ४,००० च्या आसपास एसकेयू म्हणजे वेगवेगळ्या वस्तू, आणि माल उचलणारे १० पिकर. प्रत्येक जण एका ऑर्डरची यादी घेऊन निघतो, माल आणतो, पॅकिंगला देतो आणि पुढची यादी घेतो. एरवी कसंबसं जमतं, सेलच्या दिवसांत मात्र रात्रीपर्यंत ऑर्डरी पडून राहतात. सल्लागार म्हणतो झोन करा, सॉफ्टवेअरवाला म्हणतो वेव्ह घ्या, मला स्वतःला बॅच बरं वाटतं. नक्की काय करू?

उत्तर:

आधी वेव्ह या यादीतून बाहेर काढा, म्हणजे निम्मा गोंधळ मिटेल. वेव्ह ही माल उचलण्याची पद्धतच नाही. कुठल्या ऑर्डरी किती वाजता कामाला सोडायच्या, एवढंच ती ठरवते. सिंगल, बॅच आणि झोन या तिघी माणूस कसा चालेल ते ठरवतात: सिंगल म्हणजे एका फेरीत एक ऑर्डर, बॅच म्हणजे एका फेरीत अनेक, झोन म्हणजे ज्याने त्याने आपापल्याच भागात उचलायचं. त्यामुळे ‘बॅच की वेव्ह’ हा प्रश्न ‘बसने जाऊ की सकाळी जाऊ’ असा होतो. दोन्ही एकत्र असू शकतं, बहुतेक ठिकाणी असतंही.

तुमची अडचण माल उचलण्यात नाही, चालण्यात आहे. तुमची इमारत मी पाहिलेली नाही, म्हणून काही आकडे धरून हिशोब मांडते. तुमचे खरे आकडे मिळवायला फार काही लागत नाही. दोन पिकरच्या मागे एकेक तास घड्याळ घेऊन फिरा आणि तीनच गोष्टी लिहा: चालण्यात किती वेळ गेला, बिनपाशी किती गेला, आणि यादी घेण्या-देण्यात किती.

समजा ९०० पैकी ५४० ऑर्डरी एकाच नगाच्या आहेत आणि उरलेल्या ३६० मध्ये सरासरी तीन-तीन लाइनी, म्हणजे यादीवर तीन-तीन वेगळ्या वस्तू. एकूण १,६२० लाइनी. एका नगासाठी पॅकिंगपासून रॅकपर्यंत जाऊन परत यायला १६० मीटर धरू, तीन लाइनींच्या ऑर्डरला २४० मीटर. ट्रॉली, वळणं, समोरून येणारा माणूस हे सगळं धरून वेग सेकंदाला एक मीटर. मग दिवसभराचं चालणं होतं जवळजवळ १७३ किलोमीटर, म्हणजे ४८ तास. बिनपाशी शोधणं, उचलणं, स्कॅन करणं याला लाइनमागे १५ सेकंद धरले तर पावणेसात तास. यादी घेणं, क्रेट लावणं, माल टेबलावर देणं याला फेरीमागे ४० सेकंद, त्याचे १० तास. बेरीज ६५ तासांच्या थोडी आत येते. तुमच्या १० माणसांचे प्रत्येकी साडेसहा कामाचे तास धरले तर बरोबर ६५. म्हणजे एरवीच्या दिवशी तुम्ही काठावर आहात, आणि सेलच्या दिवशी काठाबाहेर.

पुस्तकांमध्ये पिकरच्या वेळेपैकी साधारण निम्मा वेळ चालण्यात जातो असं धरतात. एका नगाच्या ऑर्डरी जास्त असल्या की हा वाटा त्याच्याही वर जातो, कारण प्रत्येक नगासाठी एक पूर्ण फेरी पडते. म्हणून अशा जागेत गेल्यावर मी पहिला प्रश्न विचारते तो हाच: एका नगाच्या ऑर्डरी किती टक्के? गेल्या महिन्याचा डेटा काढून ऑर्डरमागे किती नग होते ते मोजा. लाइनी नव्हे, नग. एकच लाइन पण दोन नग अशी ऑर्डर या गटात बसत नाही. तिला चुकून आत घेतलं तर पॅकिंगला एक नग घातलेला डबा बंद होऊन निघून जातो. हे मी माझ्याच हाताने एकदा करून ठेवलं आहे.

या ५४० ऑर्डरी वेगळ्या काढल्या की बॅचचा सगळ्यात स्वस्त फायदा हाती येतो. ३० ऑर्डरींची एक बॅच करा. पिकर एक मोठी ट्रॉली घेऊन सगळ्या गल्ल्यांतून नागमोडी एक फेरी मारतो, समजा ५०० मीटर. सगळा माल एकाच ट्रॉलीत, वेगळा करायचाच नाही. कुठला नग कोणाचा हे पिकरला माहीत असण्याची गरज नसते. पॅकिंगवाला ट्रॉलीतून हाताला येईल तो नग उचलतो आणि स्कॅन करतो. सिस्टिम त्या एसकेयूची वाट पाहणारी सगळ्यात जुनी ऑर्डर शोधून तिचं लेबल काढते. एकाच वस्तूच्या आठ ऑर्डरी असतील तर पिकर त्या बिनपाशी एकदाच थांबून आठ नग उचलतो.

हिशोब करून बघा. फेरीला चालणं सव्वाआठ मिनिटं, उचलणं साडेसात, तयारी तीन, म्हणजे एकोणीस मिनिटांच्या आत ३० ऑर्डरी. अशा १८ फेऱ्या, पावणेसहा तासांच्या आत काम संपलं. आधी याच ५४० ऑर्डरींना सव्वाबत्तीस तास लागत होते. चालणं ८६ किलोमीटरवरून ९ वर आलं. यासाठी झोन नको, कन्व्हेअर नको. ‘स्कॅन केलं की लेबल’ हे तुमच्या सिस्टिमला जमतं का, एवढंच पाहायचं.

आता उरल्या तीन-तीन लाइनींच्या ३६० ऑर्डरी. इथे बॅचची किंमत दिसायला लागते. बरोबर उचलून आणलेला माल कधीतरी ऑर्डरप्रमाणे वेगळा करावाच लागतो. तो उचलतानाच करायचा की नंतर, हा इथला खरा निर्णय.

नंतर वेगळा करायचा असेल तर खणांचं एक कपाट लागतं, त्याला पुट वॉल म्हणतात. एक खण म्हणजे एक ऑर्डर. समोरचा माणूस नग स्कॅन करून सिस्टिम सांगेल त्या खणात टाकतो, मागचा माणूस भरलेला खण रिकामा करून पॅक करतो. दिवसाला हजारो बहुनगी ऑर्डरी असल्या की हे फार चांगलं चालतं. ३६० साठी मात्र प्रत्येक नगाला दोनदा हात लागतो आणि एक माणूस कायमचा तिथे अडकतो. तुमच्या आकाराला उचलतानाच वेगळं करणं परवडेल: ट्रॉलीवर १२ क्रेट, प्रत्येक क्रेट एका ऑर्डरची. ही क्लस्टर पद्धत, बॅचचीच बहीण.

१२ क्रेटच्या एका फेरीत ३६ लाइनी. बहुतेक सगळ्या गल्ल्या फिराव्या लागतात, म्हणून चालणं ५५० मीटर धरा, नऊ मिनिटं. सुरुवातीला क्रेट आणि ऑर्डर जोडायला पाच मिनिटं. लाइनमागे १५ ऐवजी २१ सेकंद धरा, कारण नग कुठल्या क्रेटमध्ये घालायचा ते पाहून क्रेटही स्कॅन करायची आहे. फेरी सत्तावीस मिनिटांच्या आत बसते. ३० फेऱ्यांना साडेतेरा तासांच्या आत. आधी साडेबत्तीस तास लागत होते.

म्हणजे कागदावर ६५ तासांचं काम १९ वर आलं. प्रत्यक्षात १९ येणार नाही. गल्लीत दोन ट्रॉल्या समोरासमोर येतात, बिनमध्ये माल सापडत नाही, दिवसाची शेवटची बॅच अर्धीच भरते. मी २६ ते २८ धरून चालेन. तरीही ते निम्म्याहून कमी आहे.

मग १२ ऐवजी २४ क्रेट का नाहीत, असं तुम्ही विचाराल. कारण फेरीची लांबी वाढायची थांबलेली असते. एका ऑर्डरमागे चालणं २४० मीटरवरून १२ क्रेटांत ४६ वर येतं, २४ केल्या तर २५ वर. पहिल्या उडीत जवळपास २०० मीटर वाचले, दुसरीत वीस. त्या वीस मीटरसाठी ट्रॉली जड होते, गल्लीत वळत नाही, वरच्या ओळीतल्या क्रेट डोळ्यांच्या वर जातात आणि चुका वाढतात. आठपासून सुरू करा, बारापर्यंत जा, त्यापुढे जायचं तर आधी चुकांचा आकडा पाहा.

बॅच बनवताना सिस्टिम सहसा आलेल्या क्रमाने पहिल्या बारा ऑर्डरी उचलते. त्याऐवजी सगळ्यात जुनी ऑर्डर आधी घ्या आणि तिच्याच गल्ल्यांत ज्यांचा माल जास्त आहे अशा अकरा तिला जोडा. फेरी छोटी होते आणि जुनी ऑर्डर मागेही राहत नाही. नुसतं जवळच्या जागांवरून बॅच बनवली तर कोपऱ्यातल्या रॅकमधली एखादी बिचारी ऑर्डर दुपारपर्यंत जोडीदाराची वाट पाहत बसते. आणि यादी जागेच्या क्रमाने छापलेली हवी. बिनचे क्रमांक चालण्याच्या वाटेप्रमाणे नसतील तर आधी ते सुधारा, नाहीतर पिकर त्याच गल्लीत तीनदा येईल आणि बॅचला दोष लागेल.

या पद्धतीची स्वतःची अशी एक चूक आहे आणि ती ओळखता आली पाहिजे. सिंगल पिकिंगमध्ये चूक झाली तर एकच ग्राहक चिडतो. क्लस्टरमध्ये तक्रारी जोडीने येतात. आम्ही क्लस्टर सुरू केलं त्या आठवड्यात एकाने कळवलं की चार्जर आलाच नाही, मोबाइलचं कव्हर जास्तीचं आलं. तासाभराने दुसऱ्याचा फोन: कव्हर नाही, चार्जर दोन. दोन्ही ऑर्डरींचा बॅच क्रमांक एकच, क्रेट शेजारशेजारच्या, पाच आणि सहा. पिकरने माल बरोबर उचलला होता, घातला बाजूच्या क्रेटमध्ये. अशी जोडी दिसली की माल मोजत बसू नका, रॅककडे जाऊ नका. चूक ट्रॉलीवर आहे.

उपाय म्हणजे नग घातल्यावर त्या क्रेटचा बारकोड स्कॅन केल्याशिवाय पुढची लाइन दिसायलाच नको. मी वर लाइनमागे सहा सेकंद जास्त धरले ते याचेच. घाईच्या दिवशी सुपरवायझर हे स्कॅन बंद करायला सांगतो, आणि चुका नेमक्या त्याच दिवशी होतात. स्कॅनर नसेल तर क्रेटवर दोन आकडी तपासअंक लिहा आणि यादीवर नगापुढे तो पिकरला हाताने लिहायला लावा. क्रेटचा नुसता अनुक्रमांक चालणार नाही, तो माणूस न बघताही लिहितो.

दुसरी गोष्ट म्हणजे शॉर्ट. यादीत एका वस्तूचे पाच नग पाच ऑर्डरींसाठी आहेत आणि बिनमध्ये चारच निघाले. सिंगलमध्ये हा प्रश्न एकाच ऑर्डरचा होता, आता पाचांमधून एकाला उपाशी ठेवायचं आहे. नियम ठरलेला नसेल तर पिकर ट्रॉलीवर शेवटी असलेल्या क्रेटला उपाशी ठेवतो, मग ती कालची ऑर्डर का असेना. सिस्टिममध्ये जुनी ऑर्डर आधी असं पक्कं करा. शॉर्ट झालेली क्रेट ट्रॉलीवरून उतरवून वेगळ्या रॅकवर ठेवा, इतर अकरांना तिच्यासाठी थांबवू नका.

आता तुमच्या सल्लागाराचा झोन. झोनमध्ये माणूस आपला भाग सोडत नाही, ऑर्डर एका भागातून दुसऱ्यात जाते किंवा सगळ्या भागांत एकाच वेळी उचलली जाऊन शेवटी एकत्र होते. माणसाचं चालणं कमी होतं, त्याला आपल्या गल्ल्या पाठ होतात, गर्दी होत नाही. हे सगळं खरं आहे. पण तुमच्या ऑर्डरी तीन लाइनींच्या आहेत. वेअरहाउसचे तीन सारखे झोन केले आणि माल त्यांत सारखा विखुरलेला असेल, तर तिन्ही लाइनी एकाच झोनमध्ये सापडण्याची शक्यता नऊत एक. उरलेल्या आठ ऑर्डरी कुठेतरी जुळवाव्या लागणार.

जुळवणीचं हे दुखणं मी जवळून पाहिलं आहे. एका वेअरहाउसमध्ये आम्ही हौसेने चार झोन केले. पहिल्या दोन दिवसांत पिकरचा वेग छान वाढला, सगळे खूश. तिसऱ्या दिवशी मी जुळवणीच्या रॅकसमोर उभी होते. सगळे खण भरलेले, प्रत्येकात अर्धी ऑर्डर, आणि भरलेल्या खणांमुळे नवीन माल ठेवायला जागा नाही म्हणून क्रेट जमिनीवर. चौथ्या झोनमध्ये एक माणूस रजेवर होता, एवढंच कारण. तीन झोनांनी वेगात उचललेला माल चौथ्याची वाट पाहत होता. पिकिंगचा आकडा वर गेला होता, ट्रकमध्ये चढलेल्या ऑर्डरींचा खाली आला होता. तेव्हापासून लाइनी प्रतितास हा आकडा मी एकटा कधी बघत नाही. ऑर्डर सोडल्यापासून लेबल लागेपर्यंत एकूण किती माणूस-तास गेले, ते बघते.

झोन घ्यावा कधी? ऑर्डरमागे दहा-बारा लाइनी असतील तर घ्यावा, कारण मग ऑर्डर तशीही सगळीकडे फिरणार असते. जागा इतकी मोठी असेल की एक नागमोडी फेरी दीड-दोन किलोमीटरची होते, तर घ्यावा. पिकर इतके असतील की गल्लीत एकमेकांसाठी थांबतात, तर घ्यावा. आणि माल मुळातच वेगळा असेल, म्हणजे थंड खोलीतला, ज्वालाग्राही, फोर्कलिफ्टशिवाय न उतरणारा, तर झोन घ्यायचा की नाही हा प्रश्नच उरत नाही, तो आपोआप असतो. तुमच्याकडे यातलं काही दिसत नाही. एकाच वेळी तीन-चार ट्रॉल्या फिरणार, त्यात कोण कोणाला अडवणार?

पुढे कधी झोन केलेच तर कायमच्या रेषा आखायच्या आधी एक गोष्ट वाचा. जॉन बार्थोल्डी आणि डोनाल्ड आइझेनस्टाइन यांनी १९९६ मध्ये ‘बकेट ब्रिगेड’ची मांडणी केली. त्यात झोनला हद्दच नसते. माणसं वाटेवर सगळ्यात हळूपासून सगळ्यात वेगवानपर्यंत उभी करायची. शेवटच्याचं काम संपलं की तो मागे येतो आणि आपल्या आधीच्याच्या हातातली क्रेट घेतो, तो त्याच्या आधीच्याची, असं सुरुवातीपर्यंत. कोण कुठपर्यंत उचलेल हे आपोआप जुळतं आणि एखादा रजेवर गेला तरी साखळी अडत नाही. माझ्या त्या चार झोनांवर हाच उपाय लागू पडला. फक्त वेगाचा क्रम उलटा लावू नका, पुढे हळू माणूस असला की मागचा वेगवान नुसता थांबून राहतो.

राहिली वेव्ह. तिची गरज ट्रकच्या वेळेवरून ठरते. कुरिअरची गाडी पाच वाजता येत असेल तर मागे मोजत या. गाडीत भरायला अर्धा तास, म्हणून साडेचारला पॅकिंग संपलं पाहिजे. शेवटच्या ट्रॉलीचा माल पॅक व्हायला अर्धा तास, म्हणून ती चारला टेबलाशी हवी. फेरी अर्ध्या तासाची, म्हणून त्या गाडीच्या ऑर्डरी साडेतीनच्या पुढे सोडून उपयोग नाही. थोडं शॉर्टसाठी राखून तीन म्हणा. दिवसाला दोन-तीन गाड्या असतील तर अशा दोन-तीन वेळा, झाली तुमची वेव्ह. त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागेलच असं नाही.

पण सॉफ्टवेअरवाला जर दर तासाला एक मोठी वेव्ह सोडायला सांगत असेल तर सावध राहा. वेव्हच्या सुरुवातीला सगळे पिकर पळतात आणि पॅकिंग रिकामं असतं. मध्यावर पॅकिंगसमोर ट्रॉल्यांची रांग लागते. शेवटी एखादा हरवलेला नग शोधायला दोघं फिरत असतात आणि बाकीचे पुढची वेव्ह सुटायची वाट बघत उभे. तुमच्याकडे असं होतंय का, ते पॅकिंगसमोर उभ्या ट्रॉल्या दर पंधरा मिनिटांनी मोजून कळेल. आकडा शून्य, सात, शून्य, सात असा झोके घेत असेल तर वेव्ह मोठी आहे. बॅच एकेक करून, पॅकिंगला झेपेल तशी सोडत जा. गाडीची वेळ फक्त प्राधान्य ठरवायला वापरा.

सिंगल पिकिंग पूर्ण बंद करू नका. एकटीच ट्रॉली भरून टाकणारी मोठी ऑर्डर, अवजड वस्तू, गाडी निघायला वीस मिनिटं असताना आलेली तातडीची ऑर्डर, या तशाच एकेक उचला. दिवसाला तीस-चाळीस असतील, त्यांच्यासाठी एक माणूस मोकळा ठेवा.

सुरुवात एका नगाच्या ऑर्डरींपासून करा आणि तीही एका शिफ्टमध्ये, दोन माणसं घेऊन. आठवडाभर हे नीट चाललं की मग क्रेटची एक ट्रॉली आणा. दोन्ही एकदम बदललं तर चूक कुठली आणि कशामुळे ते कळत नाही.

आणि सेलच्या आधी पॅकिंगची टेबलं मोजा. समजा सेलच्या दिवशी ऑर्डरी दुप्पट झाल्या: एका टेबलावर तासाला ४० ऑर्डरी पॅक होत असतील तर १,८०० ऑर्डरींना ४५ टेबल-तास लागतात. आत्तापर्यंत पिकिंगच संथ होतं म्हणून हे कधी समोर आलं नाही. पिकिंग मोकळं झालं की रांग तिथे लागेल. दोन टेबलं फक्त एका नगाच्या ऑर्डरींना द्या, एकाच मापाचे डबे आणि लेबलचा प्रिंटर हाताशी ठेवून. तिथे वेग बाकीच्या टेबलांपेक्षा बराच जास्त मिळतो, कारण शोधायचं आणि जुळवायचं काहीच नसतं. आणि पिकिंगमधून सुटलेली माणसं सेलच्या दिवशी याच टेबलांवर लागणार आहेत, तेव्हा त्यांना पॅकिंग आत्तापासून शिकवायला घ्या.